बाईंना पत्र लिहितेस? एकच तास धर

गणिताच्या बाईंना निरोप समारंभानिमित्त लिहिलेल्या तुझ्या पत्राचा मसुदा वाचला. 'ज्ञानाचा सागर', 'दीपस्तंभ' वगैरे आधी काढून टाक. निरोप समारंभाच्या भाषणांत बाई ते ऐकणारच आहेत. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा तास तू एका ओळीत उरकलायस, खरं पत्र तिथेच आहे.

बाईंनी पुठ्ठ्याच्या वर्तुळाच्या सोळा सारख्या फाका केल्या आणि एकीचं टोक वर, दुसरीचं खाली अशा शेजारी शेजारी मांडल्या. जवळजवळ आयत झाला. उंची त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी, म्हणजे πr; गुणाकार πr². एवढं दोन वाक्यांत आटप, बाईंना गणित शिकवायचं नाहीये! जागा दे ती पुढच्या प्रसंगाला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पण कडा वाकड्याच आहेत की!" बाई रागावल्या नाहीत. "मग बत्तीस फाका केल्या तर?" असं विचारून वर्ग बोलेपर्यंत गप्प उभ्या राहिल्या. त्यांना हे आठवत नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून सविस्तर लिही. सूत्र विसरलं की तू अजून कागदावर फाका काढतेस म्हणालीस, तेही घाल.

मायना 'ती. बाईंस, सा. न.' पुरे. लगेच दहावीचं वर्ष, तुकडी आणि माहेरचं आडनाव लिही; नव्या आडनावावरून त्या ओळखणार कशा?

पत्र समारंभात हातात देऊ नकोस, हारतुऱ्यांच्या पिशवीत जातं. आधीच्या आठवड्यात घरी नेऊन दे.