एकच दिवाणखाना, तीन वेळा

प्रश्न: ब्लेंडरमध्ये एका खोलीची सकाळ, संध्याकाळ आणि रात्र अशी तीन चित्रे रेंडर करून घरमालकांना दाखवायची आहेत, पण तिन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. काय चुकत असेल?

बहुधा तुम्ही प्रत्येक चित्राचे एक्स्पोजर ते डोळ्याला बरे दिसेपर्यंत वरखाली करत असाल. सुरुवातीला मीही तेच करत असे, आणि एका घरमालकांनी रात्रीचे चित्र पाहून "यात फक्त खिडकी काळी केली आहे का?" असे विचारले, तेव्हा चूक लक्षात आली. उलट तिन्ही चित्रांना एकच एक्स्पोजर दिले, तर रात्रीची खोली काळीकुट्ट होते, कारण आपला डोळा अंधाराला जसा सरावतो तसे चित्र सरावत नाही. म्हणून मी सकाळचे आणि रात्रीचे नीट उजळ दिसणारे एक्स्पोजर आधी वेगवेगळे शोधतो आणि मग रात्रीच्या आकड्यातून 1 वजा करतो. ब्लेंडरमध्ये हा आकडा 1 ने कमी केला की चित्राचा उजेड निम्मा होतो. व्हाइट बॅलन्स मात्र तिन्ही चित्रांत एकच ठेवावा. तो दर वेळी बदलला तर 2700 केल्व्हिनचा पिवळसर दिवा आणि 6500 केल्व्हिनची पांढरी ट्यूब यांतला फरक पुसला जातो, आणि घरमालकांना निवड तर नेमकी त्यांतूनच करायची असते.

दुसरी गोष्ट सूर्याच्या जागेची. पुण्यातला एक दिवाणखाना घेऊ: खिडकी पश्चिमेला, तिची वरची कड 7 फुटांवर, खालची 3 फुटांवर, आणि समोरची भिंत 12 फूट अंतरावर. येथे सकाळच्या चित्रात कोवळे ऊन दाखवण्याचा मोह होतो, पण या खिडकीतून सकाळी फक्त आकाशाचा मऊ, किंचित निळसर आणि जवळजवळ सावल्यांविना उजेड येतो. घरमालकांना सोनेरी सकाळ हवी असली तरी ती या खोलीत नाही, हे चित्रानेच सांगितलेले बरे.

खरी गंमत संध्याकाळी आहे. Sun Position या अॅड-ऑनमध्ये पुण्याचे अक्षांश-रेखांश आणि UTC पासूनचा 5.5 तासांचा फरक भरा आणि इमारतीच्या नकाशावरून उत्तर दिशा नक्की करा, कारण ती चुकली तर पुढचे सगळेच चुकते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी 5 वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे 12 अंश वर आणि नेमक्या पश्चिमेपासून सुमारे 30 अंश दक्षिणेकडे असतो. इतके तिरपे ऊन समोरच्या भिंतीवर जमिनीपासून सुमारे 4 फूट उंचीपर्यंत पडते, आणि तेही खिडकीच्या अगदी समोर न पडता सुमारे 7 फूट उत्तरेकडे सरकून. भिंतीच्या त्या टोकाला टीव्ही लावायचे ठरले असेल, तर हिवाळ्यात संध्याकाळी पडद्यावर ऊन येणार. जूनमध्ये त्याच वेळी सूर्य सुमारे 29 अंशांवर आणि पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे असतो, त्यामुळे ऊन जमिनीवरच संपते आणि दक्षिणेकडे झुकते (अर्थात ढग असतील तर तेही नाही). म्हणून संध्याकाळच्या चित्राखाली महिना लिहावा. या चित्रात मी उन्हाचा पट्टा जवळजवळ पांढरा पडू देतो आणि उरलेली खोली थोडी काळोखी ठेवतो. संध्याकाळ वाटते ती त्या काळोखामुळे.

रात्रीसाठी आधी बाहेरचे आकाश पूर्ण काळे करा. आकाशाचा थोडासा निळा उजेड जरी उरला तरी भिंतींवर कुठून आला ते न कळणारा फिकट प्रकाश दिसतो. नंतर दिवे. बल्बच्या खोक्यावरचे वॅट Power मध्ये भरू नका. ते वॅट विजेचे असतात, आणि ब्लेंडरमधले बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे. 800 ल्युमेनच्या एलईडी बल्बला पॉइंट लाइटमध्ये साधारण 2 वॅट पुरतात. तेथे 9 भरले तर दिवा चौपटीहून जास्त प्रखर होतो, आणि मग एक्स्पोजर कितीही हलवले तरी त्या दिव्याचा बाकीच्या उजेडाशी मेळ बसत नाही. रात्री खिडकीची काच आरशासारखी होते, म्हणून कॅमेऱ्यामागची भिंत आणि सामान मॉडेलमध्ये असायलाच हवे. नाहीतर काचेत अर्धवट पोकळी दिसते. पडदा उघडा असताना आणि ओढलेला असताना अशी दोन चित्रे केलीत तर उत्तमच.

छताची ट्यूब, कोपऱ्यातला उभा दिवा आणि फॉल्स सीलिंगमधली पट्टी यांना वेगवेगळे Light Groups द्या. मग एकाच रेंडरमधून कंपोझिटरमध्ये ट्यूब बंद करून फक्त कोपऱ्यातला दिवा ठेवता येतो, घरमालकांच्या समोर बसून. फाइल मात्र OpenEXR MultiLayer मध्ये साठवा. जेपीजीत सगळे दिवे आधीच एकत्र मिसळलेले असतात, ते मग वेगळे करता येत नाहीत.

चित्रे व्हॉट्सअॅपवर रात्री पाठवू नयेत. पाहणाऱ्याच्या फोनवर पिवळसर रंगाचा रात्रीचा मोड चालू असला, तर सकाळही पिवळी दिसते.