तेच दोन पेग, तीच गोळी

“बाबा 72 वर्षांचे आहेत. तीस वर्षं रोज रात्री दोन पेग घेतात, त्यात वाढ नाही असं ते शपथेवर सांगतात. पण हल्ली त्यांचा तोल जातो, जीभ जड होते, आणि परवा पहाटे ते न्हाणीघरात पडले. श्रावणातसुद्धा ते झोकांड्या खात होते, म्हणजे लपून पीत असणार. त्यांना खरं बोलायला कसं लावायचं?”

या लेकीला मी पहिल्या भेटीत एकच काम दिले: श्रावणापासूनच्या घटना तारखेनिशी लिहून आणायच्या आणि बाटली किती दिवस पुरते ते पाहायचे. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.) साठ मिलिलिटरचे रोज दोन पेग घेतले तर 750 मिलिलिटरची बाटली सहा दिवस पुरायला हवी. ती सहाच दिवस पुरत होती.

तारखांची वही त्याहून बोलकी निघाली. गटारीनंतर काकांनी नेहमीप्रमाणे दारू बंद केली होती. रोजची सवय एकदम सुटल्यामुळे पहिल्या आठवड्यात त्यांना झोप येईना, तेव्हा जवळच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी झोपेसाठी डायझेपामची पाच मिलिग्रॅमची गोळी लिहून घेतली. तिशीत पाठीच्या उबळीवर हीच गोळी त्यांनी काही आठवडे घेतली होती आणि ती मानवली होती. आता गोळी सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांनी, घरात दारूचा थेंब नसताना, त्यांचा तोल जाऊ लागला. अनंत चतुर्दशीनंतर पेग पुन्हा सुरू झाले आणि चौथ्या पहाटे ते पडले.

गोळीचे गणित आधी सांगतो, कारण श्रावणातल्या संशयाचे उत्तर त्यातच आहे. डायझेपाम शरीरातून निम्मे कमी व्हायला लागणारे तास ढोबळमानाने माणसाच्या वयाच्या आकड्याइतके असतात. तिशीत सुमारे 30 तास, तर बहात्तरीत सुमारे 72 तास, म्हणजे तीन रात्री. हे औषध चरबीत मुरते. वयानुसार स्नायू घटून चरबीचा वाटा वाढतो, त्यामुळे ते मुरायला जागा अधिक मिळते आणि यकृताकडे हळूहळू परतते. परिणामी, कालची गोळी बरीचशी शिल्लक असतानाच आजची पोटात जाते. रोज पाच मिलिग्रॅम घेणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या अंगात ही साठवण सुमारे 12 मिलिग्रॅमवर स्थिरावते, तर काकांच्या अंगात ती 24 च्या आसपास जाते, आणि तिथवर पोहोचायला दोन आठवडे लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत सगळे ठीक वाटते, ही यातली खरी फसगत आहे. सगळी औषधे अशी वागत नाहीत; लोराझेपामच्या निचऱ्याची वाट वेगळी असल्याने तिच्यावर वयाचा परिणाम पुष्कळ कमी होतो. गोळी बदलण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचा, माझा नव्हे.

दारूचे कारण थोडे वेगळे आहे. ती चरबीत फारशी जात नाही, शरीरातल्या पाण्यात पसरते. काकांचे वजन तेव्हाही 68 किलो होते आणि आजही आहे, पण चाळिशीत त्यात 40 लिटर पाणी धरले तर आता ते 34 च्या आसपास असेल. व्हिस्कीच्या दोन पेगमध्ये सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल असते. ते तेव्हा लिटरमागे एक ग्रॅम पडत होते, आता जवळपास 1.2 पडते. तेवढ्यावर भागत नाही, कारण तोल सांभाळणारा मेंदू या वयात त्याच पातळीला अधिक दबतो, आणि गोळी त्याच दिशेने दाबत असताना वरून पेग पडले की दोन्हींचे ओझे एकत्र येते. शिवाय श्रावणाच्या खंडात अंगवळणी पडलेली सवयही थोडी ओसरलेली होती.

हे सारे ऐकल्यावर काका लेकीकडे पाहून एवढेच म्हणाले, “श्रावणात मी हातही लावला नव्हता गं.” ती काही बोलली नाही. पुढच्या भेटीत वही तिने स्वतःहून त्यांच्याकडे सोपवली होती.

मी त्यांना वहीसह फिजिशियनकडे पाठवले आणि घरच्यांना बजावले की गोळी आपल्या मनाने एकदम तोडायची नाही, कारण तशाने अस्वस्थता, थरथर, प्रसंगी झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांनी डोस पायरीपायरीने उतरवला आणि तोवर दारू वर्ज्य सांगितली. रोजची दारू तोडल्यावर थरथर, घाम किंवा भ्रम दिसल्यास लगेच कळवायलाही सांगितले. शेवटची अर्धी गोळी दिवाळीआधी संपली. त्यानंतरही दोन-तीन आठवडे पहाटे उठताना लेकीने न्हाणीघरातला दिवा चालू ठेवावा असे मी सुचवले, कारण चरबीत मुरलेले औषध रिकामे व्हायला तेवढे दिवस लागणारच होते.