मुदत संपलेली ॲस्पिरिन

प्रश्न: मडगावला आईच्या कपाटात हृदयासाठीच्या ॲस्पिरिनची डबी आहे, मुदत संपून चार महिने झाले. त्या गोळ्या चालतील का?

उत्तर: त्या देऊ नयेत. छापील तारीख ही बंद वेष्टनात, कोरड्या जागी ठेवलेल्या औषधाची हमी असते. तशा स्थितीत अनेक गोळ्या पुढेही टिकतात, परंतु गोव्याच्या पावसाळी दमट हवेत उघडलेल्या डबीतील ॲस्पिरिन ओलाव्यामुळे सॅलिसिलिक व ॲसेटिक आम्लांत विघटित होऊ लागते. व्हिनेगरसारखा वास आला, तर हे विघटन सुरू झालेले असते. वास नसला तरी मात्रा पूर्ण असल्याचे सिद्ध होत नाही, आणि गुठळी रोखणाऱ्या गोळीतील उणीव आईंना जाणवणारही नाही, याची मला खरी काळजी वाटते. आजच नवी पट्टी आणावी; डॉक्टरांना न विचारता रोजची गोळी मात्र थांबवू नये.