'उत्केंद्री भार' की 'विकेंद्रित भार'?

*प्रश्न: फुटिंगच्या मराठी टिपणात 'एक्सेंट्रिक लोड'ला कोणी 'विकेंद्रित भार' लिहितं, कोणी 'उत्केंद्री', एका ठिकाणी तर 'विक्षिप्त भार' वाचलं. बरोबर काय? आणि 'एसबीसी'ला 'धारणक्षमता' चालेल का? सुट्या फुटिंगचं माप ठरवण्याबद्दल लिहितोय, जमीन १५ टनांचीच आहे.*

'उत्केंद्री' लिहा. 'विक्षिप्त' माणसाच्या स्वभावासाठी राहू द्या. 'विकेंद्रित' मात्र नुसता वेगळा शब्द नाही, तो उलट अर्थाचा आहे. सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणजे एका जागी साठलेलं अनेक जागी वाटून देणं. कॉलमचा भार पायावर वाटला गेला असता तर आपल्याला हवंच होतं. इथे तसं होत नाही. भार एकच असतो, अखंड असतो, फक्त त्याची रेषा पायाच्या मध्यातून न जाता बाजूने जाते. संस्कृतातला 'उत्' हेच सांगतो. मार्ग सोडून गेलेला तो उन्मार्गी, तसा केंद्र सोडून गेलेला तो उत्केंद्री. गंमत अशी की 'केंद्र' हा शब्द आपल्याकडे ज्योतिषाच्या ग्रंथांतून ग्रीक 'केंत्रॉन'वरून आला, आणि इंग्रजी 'एक्सेंट्रिक'च्या पोटातही तोच 'केंत्रॉन' आहे. म्हणजे 'उत्केंद्री' हे नुसतं भाषांतर नाही, दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. विश्वकोशात ग्रहकक्षेसाठी 'विमध्यता' आढळतो. कक्षेच्या आकारासाठी तो छान आहे, पण भाराची रेषा सरकली हे त्यातून पटकन डोळ्यांपुढे येत नाही.

'धारणक्षमता' चूक नाही, पण शेतीच्या पुस्तिकांमध्ये मातीची धारणक्षमता म्हणजे पाणी धरून ठेवण्याची ताकद. म्हणून मी 'सुरक्षित भारक्षमता' लिहितो. साइटवर सगळे 'एसबीसी'च म्हणतात आणि ते समजतंही. मात्र तुमच्या '१५ टन'पुढे 'प्रति चौरस मीटर' हे शब्द गाळू नका. नुसते टन म्हणजे भार, चौरस मीटरमागे टन म्हणजे दाब, आणि उत्केंद्री भाराचं सगळं मर्म या दोन शब्दांच्या फरकात आहे. भार केंद्रापासून सरकला म्हणून तो वाढत नाही. पायाच्या एका कडेखालचा दाब वाढतो.

मी केलेल्या एका कामाचे सोपे केलेले आकडे देतो. बाजाराच्या ओट्यांवर जाड काँक्रीटचं छत होतं, खाली एकाच ओळीत कॉलम, आणि छत पूर्वेकडे जास्त झेपावलेलं. प्रत्येक कॉलमवर ६० टन भार, शिवाय छत एकीकडे ओढत असल्यामुळे कॉलमच्या तळाशी १२ टन-मीटर मोमेंट. जमीन माती मिसळलेल्या मऊ मुरमाची, अहवालातली सुरक्षित भारक्षमता १५ टन प्रति चौरस मीटर. पायाच्या स्वतःच्या वजनासाठी प्रथेप्रमाणे दहा टक्के धरले, म्हणजे जमिनीवर एकूण ६६ टन.

मोमेंट विसरून ६६ ला १५ ने भागलं तर ४.४ चौरस मीटर येतात, आणि २.१ मीटरचा चौरस पाया पुरेसा वाटतो. आता १२ ला ६६ ने भागा, ०.१८ मीटर येतं. ही उत्केंद्रता. मोमेंट म्हणजे काहीतरी निराळी गोष्ट पायाशी येते असं नव्हे. ६६ टनांची रेषाच १८ सेंटिमीटर पूर्वेला सरकली आहे, एवढाच त्याचा अर्थ. कडांखालचा दाब या सूत्राने निघतो:

```
p = (P/A) × (1 ± 6e/L)
```

यात P हा जमिनीवरचा एकूण भार, A पायाचं क्षेत्रफळ, e उत्केंद्रता, आणि L ही पायाची लांबी मोमेंटच्या दिशेची, म्हणजे इथे पूर्व-पश्चिम. आकडे घातले की पूर्वेच्या कडेखाली सुमारे २२.७ टन प्रति चौरस मीटर येतात आणि पश्चिमेखाली सुमारे ७.२. सरासरी १५ च्या आत, आणि तरी एक कड दीडपट दाबाखाली. बेरीज जुळते पण जमीन एका बाजूने हार मानते, ते हे असं.

अशा वेळी मराठी क्रियापदं फार नेमकी उपयोगी पडतात. दाब सगळीकडे सारखा आणि जास्त असेल तर पाया 'खचतो', एका कडेला जास्त असेल तर 'कलतो'. सारखं खचणं इमारत बरंच सोसते, कलणं तिला लवकर भोवतं. बांधकामाच्या भिंतीत तिरपी भेग जाते, दाराची चौकट कोनातून सुटते आणि दार वरच्या कोपऱ्यात घासू लागतं. चिकणमातीत हे सावकाश, महिनोन्महिने चालतं. म्हणून अहवालात 'पाया खचला' असं सरसकट लिहू नये. कलला असेल तर 'कलला' लिहावं, कारण दुरुस्तीचा विचार तिथून वेगळा होतो.

यावर पहिला उपाय पाया मोठा करणं, पण चारही बाजूंनी नव्हे, मोमेंटच्या दिशेने लांब. पूर्व-पश्चिम ३ मीटर आणि उत्तर-दक्षिण २ मीटर घ्या. क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, सरासरी दाब ११, मोमेंटमुळे कडेला अधिक-उणे ४. पूर्वेला बरोबर १५, पश्चिमेला ७. बसलं. तोच पाया आडवा ठेवला, म्हणजे २ मीटर पूर्व-पश्चिम, तर ४ च्या जागी ६ येतात आणि कडेला १७ होतात. तेव्हा नकाशावर नुसतं '३ × २' लिहून भागत नाही, ३ मीटर कुठल्या दिशेला हे लिहायलाच हवं.

त्या दहा टक्क्यांबद्दल एक सावधगिरी. अहवालातली भारक्षमता 'निव्वळ' आहे की 'ठोक', हा शब्द शोधून वाचा. निव्वळ असेल तर खोदून काढलेल्या मातीचं वजन आधीच वजा धरलेलं असतं आणि फक्त काँक्रीट मातीपेक्षा जितकं जड तितकंच धरावं लागतं. अर्धा मीटर जाडीच्या या पायात ते जेमतेम २ टन भरतं, म्हणजे आपले ६ टन पुरून उरतात. पण आकडा ठोक असेल आणि पाया दीड मीटर खोल असेल, तर पाया आणि त्यावरची भर मिळून जवळजवळ १८ टन होतात. सरासरी १३, कडेला १७, आणि बसलेलं गणित फिसकटतं. एका विशेषणावर हे अवलंबून असतं, म्हणून ते भाषांतरात गळता कामा नये.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, आणि शब्दाचा खरा घोळही तिथेच होतो. भाराची रेषा पूर्वेला गेली आहे ना, मग पायाच पूर्वेला सरकवा. पायाचं वजन त्याच्यासोबतच सरकतं, म्हणून इथे १२ ला ६६ ने नव्हे, कॉलमच्या ६० ने भागा, २० सेंटिमीटर येतात. पायाचं केंद्र रेषेखाली आलं की दाब सगळीकडे सारखा १५ आणि २.१ मीटरचा चौरस पुरतो. आता शब्दांत सांगा बरं: कॉलम पायावर उत्केंद्री आहे, पण भार जमिनीवर केंद्रस्थ आहे! म्हणजे 'उत्केंद्री' हा शब्द एकटा कधीच पूर्ण नसतो. काय उत्केंद्री, कशाच्या केंद्रापासून, किती आणि कुठल्या दिशेला, एवढं सोबत आल्याशिवाय तो वाचणाऱ्याला अंदाज करायला लावतो.

आमच्या त्या कामावर तेच झालं. टिपणात मी लिहिलं होतं, 'कॉलम २० सेंमी उत्केंद्री, पूर्वेस'. मला म्हणायचं होतं की पाया पूर्वेस सरकवा. आखणी करणाऱ्याने वाक्य जसं होतं तसं घेतलं, कॉलम पायाच्या पूर्वेस ठेवला, म्हणजे पाया पश्चिमेला गेला. फक्की मारून झाली होती, खड्डे खोदून पीसीसीची तयारी चालू होती. मिस्त्री म्हणाले, "साहेब, छत पूर्वेला झेपावतंय आणि आपण पाया पश्चिमेला ओढलाय, हे कसं?" त्यांनी विचारलं नसतं तर उत्केंद्रता शून्य होण्याऐवजी दुप्पट, ३६ सेंटिमीटर झाली असती.

ते किती वाईट, हे मधल्या तिसऱ्या हिश्शाच्या नियमावरून कळतं. भाराची रेषा पायाच्या लांबीच्या मधल्या तृतीयांशात असेल तोवर सगळा पाया जमिनीला टेकून राहतो. २.१ मीटरच्या पायाला ही मुभा मध्यापासून ३५ सेंटिमीटर. ३६ ला पश्चिमेची कड उचलायला लागते. माती दाब घेते, पण ओढून धरत नाही, त्यामुळे वरचं सूत्र तिथे लागूच पडत नाही. टेकलेल्या भागापुरता दाबाचा त्रिकोण घेऊन हिशेब करावा लागतो:

```
p = 2P / (3B(L/2 - e))
```

यात B म्हणजे पायाची दुसऱ्या दिशेची रुंदी, इथे तीही २.१ मीटर. त्याने पूर्वेच्या कडेखाली ३० टन प्रति चौरस मीटरच्या वर दाब निघतो. भारक्षमतेच्या दुप्पट, आणि तो माझ्या एका वाक्यापायी.

पाया सरकवण्याचा उपाय कायमच्या वजनातून आलेल्या मोमेंटपुरताच धरा. वारा आणि भूकंप आज पूर्वेला ढकलतील, उद्या पश्चिमेला, त्यांच्यासाठी लांबी वाढवणं हाच मार्ग. आणि प्लॉटच्या हद्दीला चिकटलेला कॉलम हे तिसरंच प्रकरण. तिथे पाया शेजाऱ्याच्या जागेत नेता येत नाही. ३० सेंटिमीटरचा कॉलम २.१ मीटरच्या पायाच्या अगदी कडेला ठेवला तर नुसत्या जागेमुळेच उत्केंद्रता ९० सेंटिमीटर होते, मधला तृतीयांश कुठल्या कुठे राहतो. अशा वेळी सुटा पाया सोडून आतल्या कॉलमशी स्ट्रॅप बीमने जोडावं. त्यालाही मराठी टिपणांत 'उत्केंद्री पाया' म्हणतात. चालेल, पण आपल्या ओट्यांच्या पायाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून मी 'हद्दीवरचा पाया' लिहितो.

त्या कामानंतर माझ्या टिपणात कर्ता नेहमी पाया असतो: 'पायाचं केंद्र कॉलमच्या केंद्रापासून २० सेंमी पूर्वेला'. मिस्त्री आधी कॉलमच्या केंद्राला खिळा ठोकतात, मग टेपने पूर्वेला मोजून दुसरा, आणि फक्की दुसऱ्या खिळ्याभोवती मारतात.