सोलरची कोटेशन्स कशी ताडून पाहावीत?

तीन कोटेशन्स आलीत. रकमेशिवाय नेमकं काय विचारू?

आधी 'पॅनेलला २५ वर्षं वॉरंटी' ही ओळ पकडा. ती बहुधा वीजनिर्मितीची असते. पॅनेलच्या मागचा जंक्शन बॉक्स जळला तर कामाला येते ती प्रॉडक्ट वॉरंटी, म्हणजे पॅनेल या वस्तूचीच, आणि ती पुष्कळदा १०-१२ वर्षांचीच. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा.

इन्व्हर्टरचं नुसतं कंपनीचं नाव नको, मॉडेल नंबर हवा.

'वायरिंगसह' या शब्दावर मी तरी विसंबत नाही. इन्व्हर्टर पॅनेलपासून २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर डीसी केबल लागते. एखाद्याने १५ मीटरच धरली असेल, तर त्याचंच कोटेशन स्वस्त दिसतं आणि उरलेल्या २५ मीटरचं बिल नंतर हातात पडतं. केबल तांब्याची का, किती चौरस मिमीची, तेही लिहून घ्या.