आयगेनव्हॅल्यू सारख्या आल्यावर स्टेट मॅट्रिक्सचं काय करायचं?

प्रश्न: आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असल्या की A डायगोनल करता येतो. पण दोन्ही सारख्या आल्यावर माझा P सिंग्युलर येतो. जॉर्डन ब्लॉक नेमका कधी आणि कसा लावायचा?

उत्तर: स्प्रिंग-डॅम्परचं उदाहरण घेऊ. वस्तुमान 1, स्प्रिंगचा k = 4, डॅम्पिंग c. स्थान आणि वेग या दोन स्टेट.

c = 5 असताना `A = [0 1; -4 -5]`. आयगेनव्हॅल्यू -1 आणि -4, व्हेक्टर `(1,-1)` आणि `(1,-4)`. हे P चे स्तंभ केले की `inv(P)*A*P` डायगोनल होतो. वेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे व्हेक्टर कायम स्वतंत्र असतात, म्हणून इथे P अडत नाही.

आता c = 4 करा, म्हणजे क्रिटिकल डॅम्पिंग. -2 ही आयगेनव्हॅल्यू दोनदा येते. इथे लगेच जॉर्डनकडे वळू नका, आधी `A+2I` ची रँक बघा. ब्लॉकांची संख्या = n − रँक. `A+2I = [2 1; -4 -2]` ची रँक 1, म्हणून ब्लॉक एकच आणि आयगेनव्हेक्टरही एकच: `v = (1,-2)`. तुम्ही तोच दोनदा लिहिला असणार, त्यामुळे P सिंग्युलर. रँक शून्य आली असती, तर A आधीच डायगोनल असता.

दुसरा स्तंभ `(A+2I)w = v` सोडवून मिळतो. त्यातून `2w1 + w2 = 1` एवढंच उरतं, मी `w = (0,1)` घेतो. v आधी, w नंतर. क्रम उलटला तर 1 कर्णाच्या खाली जातो.

```
P = [1 0; -2 1]
J = [-2 1; 0 -2]
e^(At) = e^(-2t) * [1+2t  t; -4t  1-2t]
```

त्या वरच्या 1 मुळेच उत्तरात t येतो. पडताळायला t = 0 ठेवा, आयडेंटिटी यायला हवी. मग t = 0 ला डेरिव्हेटिव्ह घ्या, A परत मिळायला हवा.

कागदावर हे छान जमतं, संगणकावर मात्र सांभाळा. k = 4 ऐवजी 4.000001 झाला, तर आयगेनव्हॅल्यू `-2 ± 0.001i` होतात. दहा लाखांश फरकाने हजारांश हालचाल! आणि त्या वेगळ्या झाल्यामुळे जॉर्डन ब्लॉकही नाहीसा होतो. म्हणून मोजमापातून आलेल्या आकड्यांवर जॉर्डन काढण्यात अर्थ नाही. `eig` ने दिलेल्या V चे दोन स्तंभ जवळजवळ सारखे दिसले, `cond(V)` प्रचंड आला, तर `V*D/V` वर विसंबू नका. e^(At) हवा असेल तर मी अशा वेळी सरळ `expm(A*t)` वापरतो, त्याला आयगेनव्हेक्टर लागतच नाहीत.