दादाजींसाठी तीन मिनिटं

'माझे आजोबा इंदूरला वारले. रविवारी प्रार्थना सभा आहे आणि नातवंडांतर्फे मला हिंदीत बोलायला सांगितलंय. मी पुण्यात वाढले, माझं हिंदी रिक्षावाल्यापुरतं. 'पुण्यात्मा', 'अपूरणीय क्षति' असलं लिहून पाहिलं, पण त्यात आजोबाच नाहीत. मला आठवतात ते त्यांचे सकाळचे पोहे आणि सुट्टीत माझ्यासाठी वेगळी बांधून आणलेली, पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची पुडी. हे सभेत बोलण्यासारखं आहे का?'

आहे, आणि तेवढंच बोल. त्यांची नोकरी, निवृत्ती, मुलंबाळं बाकीचे सांगतीलच. जीरावनची पुडी मात्र फक्त तुझ्याकडे आहे. इंदूरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही, हा तुझा फायदा.

सुरुवात अशी करून बघ:

'नमस्कार। मैं उनकी पोती हूँ। छुट्टियों में जब मैं इंदौर आती, दादाजी सुबह-सुबह पोहे लेने निकलते थे। साथ में एक छोटी-सी पुड़िया लाते थे, जिसमें सिर्फ़ जीरावन होता था। वह मेरी होती थी।'

पुढे एक प्रसंग घाल. पुडी हातात देताना ते काय म्हणायचे? ते वाक्य मराठीत असेल तर मराठीतच ठेव. मग एखादं वाक्य आजीबद्दल, आणि शेवटी आलेल्यांचे आभार: 'आप सब आए, दादाजी को अच्छा लगता।' आजारपण आणि हॉस्पिटल गाळ. ते घरच्यांनी नुकतंच भोगलंय.

यातली सगळी क्रियापदं मुद्दाम 'निकलते थे, लाते थे' अशी ठेवली आहेत. आपण 'आजोबांनी पोहे आणले' म्हणतो, म्हणून हिंदीतही 'दादाजी ने पोहे लाए' लिहून जातो. ते चूक; तिथे 'दादाजी पोहे लाए' हवं, कारण 'लाना'ला 'ने' लागत नाही. 'ख़रीदना'ला मात्र लागतो. हा घोळ तीन दिवसांत पाठ करत बसू नकोस. आठवणी सवयीच्याच असतात, 'थे'वर चालव, 'ने'चा प्रश्नच येणार नाही. 'मेरे को' दिसलं तिथे 'मुझे' कर. आणि दादाजींना शेवटपर्यंत आदरार्थी बहुवचन. एक 'कहता था' निसटलं तर पुढच्या रांगेतल्या काकू मान वर करतील.

लांबी तीनशे शब्दांच्या आत. अशा सभेत माणूस सावकाश बोलतो, त्याला तीन मिनिटं पुरतात. भजनं आणि मौन यांच्यामध्ये त्याहून जास्त जागा नसतेही. मोबाईलवरून वाचू नकोस, डोळे भरले की अक्षरं दिसत नाहीत. कागदावर मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच वाक्य लिही.

मोठ्याने वाचून बघ. एका ठरावीक वाक्यावर दरवेळी आवाज जाईल, बहुधा 'वह मेरी होती थी'वर. त्याच्या आधी रेघ मार, तिथे श्वास घे. दुसरी प्रत चुलत भावाकडे देऊन ठेव आणि तुला जमलं नाही तर कुठल्या ओळीपासून वाचायचं, ते त्याला आधीच सांग.